एका वर्तुळाचे दहा गुण

‘एन्टामिबा हिस्टोलायटिकाचे जीवनचक्र नामनिर्देशित आकृतीसह लिहा.’ प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, नर्सिंग किंवा लॅब टेक्निशियनचा अभ्यासक्रम केलेल्या कुणालाही हा प्रश्न ओळखीचा वाटेल. दहा गुणांचा हा प्रश्न विद्यार्थ्याला हमखास वाटतो, कारण पाठ करायला सोपा. तरीही पेपर तपासताना दिसते ते असे, की चार-पाच पाने भरलेल्या उत्तराला पाच-सहा गुण पडतात आणि दोन-अडीच पानांचे एखादे उत्तर आठ-नऊ गुण घेऊन जाते. या फरकाचे कारण बहुतेक वेळा माहितीत नसते, मांडणीत असते.

लांबलेली उत्तरे कशी असतात? पहिले पान वर्गीकरणात जाते. दुसऱ्यावर आव पडण्याची लक्षणे, तिसऱ्यावर मेट्रोनिडॅझोल आणि हात धुण्याचे महत्त्व. या गर्दीत जीवनचक्र सहा-सात ओळींत उरकलेले असते आणि शेवटी घाईघाईत एक वाकडा गोल काढलेला असतो. लक्षणे आणि औषधे विचारलेलीच नव्हती, त्यामुळे तेवढी पाने गुणांच्या हिशेबात येत नाहीत. प्रश्नात ‘जीवनचक्र व रोगकारकता’ असे असते तर गोष्ट वेगळी होती. इथे फक्त चक्र विचारले आहे.

तेव्हा आधी ते चक्र नीट पाहू. हा परजीवी माणसाच्या मोठ्या आतड्यात राहतो. 1875 मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या फेडोर लॉश यांनी आमांशाच्या एका रुग्णाच्या शौचात तो पाहिला आणि 1903 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ फ्रिट्झ शाउडिन यांनी त्याला आजचे नाव दिले. त्याला एकच आश्रयी पुरतो, तो म्हणजे माणूस. मलेरियाच्या परजीवीला डासाचे शरीर लागते, तसे इथे काही नाही. एका माणसाच्या शौचातून बाहेर पडायचे आणि पाणी, भाजी, माश्या किंवा न धुतलेले हात यांच्यामार्फत दुसऱ्याच्या तोंडात जायचे, एवढाच त्याचा प्रवास.

हा प्रवास तो दोन मुख्य रूपांत करतो. ट्रोफोझोइट हे हलणारे, खाणारे, वाढणारे रूप. सिस्ट हे कवचातले, न हलणारे, बाहेरच्या जगात टिकणारे रूप. या दोघांच्या मधे प्रीसिस्ट नावाचे थोड्या वेळाचे संक्रमणरूप असते. ट्रोफोझोइट आतड्याबाहेर फार टिकत नाही, आणि कुणी तो गिळलाच तरी जठरातल्या आम्लात मरतो. सिस्ट मात्र ओलाव्यात आणि गारव्यात दिवसेंदिवस जिवंत राहते, नळाच्या पाण्यातले नेहमीचे क्लोरीन सहज सोसते आणि जठरही पार करते. पाणी उकळले की मात्र ती मरते.

यातून एक गोष्ट निघते जी ऐकायला उलटी वाटते. ज्या रुग्णाला जोराची आव-रक्त पडते आहे, त्याच्या पातळ शौचात ट्रोफोझोइट असतात. आतड्यातून ते इतक्या वेगाने बाहेर ढकलले जातात की कवच करायला त्यांना वेळच मिळत नाही. ते बाहेर येऊन मरतात. म्हणजे रोग पसरवण्याच्या दृष्टीने हा रुग्ण तितका धोक्याचा नाही. धोका आहे तो धडधाकट दिसणाऱ्या, बांधून शौच होणाऱ्या माणसाचा. मोठ्या आतड्यात पाणी शोषले जात असताना त्याच्या अमीबांना सिस्ट बनायला सवड मिळते आणि त्या सिस्ट तो नकळत बाहेर टाकत राहतो. 1913 मध्ये वॉकर आणि सेलार्ड्स या संशोधकांनी फिलिपिन्समध्ये कैद्यांना या परजीवीचे डोस गिळायला दिले होते. आज अशा प्रयोगाला कोणी परवानगी देणार नाही. त्यांना आढळले की संसर्ग बहुतेकांना झाला, आमांश मात्र थोड्यांनाच. चक्र चालू राहते ते अशा न आजारलेल्या वाहकांमुळे. उत्तरात ही गोष्ट एका वाक्यात आली तरी परीक्षकाला कळते की विद्यार्थ्याने चक्र समजून घेतले आहे.

आता वेळेचा हिशेब. तीन तासांत ऐंशी गुणांचा पेपर असेल तर एका गुणाला सव्वादोन मिनिटे येतात, म्हणजे या प्रश्नाला 22 मिनिटे. गुणांची वाटणी विद्यापीठागणिक थोडी बदलते, पण अशा प्रश्नात साधारणपणे प्रस्तावनेला एक, रूपांच्या वर्णनाला तीन, चक्राच्या वर्णनाला चार आणि आकृतीला दोन गुण धरायला हरकत नाही. आकृतीला दोनच गुण म्हणून ती शेवटी काढायची, हा सर्वांत मोठा घोळ. मी विद्यार्थ्यांना उलटे सांगतो. प्रस्तावनेच्या चार ओळी झाल्या की लगेच आकृती काढा, तिला आठ मिनिटे द्या, आणि मग तिच्याकडे पाहत उत्तर लिहा. असे केले की चक्रातला टप्पा सुटत नाही, आणि लिहिताना क्रम आठवायला थांबावे लागत नाही.

आकृती अर्ध्या पानाची हवी. हलक्या हाताने एक मोठे वर्तुळ काढा आणि ते घड्याळाची तबकडी समजा. बाराच्या जागी चार केंद्रकांची पक्व सिस्ट. तीनच्या जागी लहान आतड्यात कवच फोडून बाहेर येणारा अमीबा. सहाच्या जागी मोठ्या आतड्यातला ट्रोफोझोइट. आठच्या आसपास गोल झालेला प्रीसिस्ट, आणि नऊपासून साडेदहापर्यंत ओळीने एक, दोन व चार केंद्रकांच्या सिस्ट. साडेदहापासून पुन्हा बारापर्यंतचा तुकडा शरीराबाहेरचा. तिथे एक तुटक रेष ओढून एका बाजूला ‘शरीराबाहेर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘माणसाच्या शरीरात’ असे लिहिले की कोणती घडामोड कुठे होते हे पाहताक्षणी कळते.

सगळी चित्रे एकाच मापाची काढू नका. बाराची सिस्ट आणि सहाचा ट्रोफोझोइट मोठे काढा, बाकीचे लहान चालतील. याने रूपांच्या वेगळ्या आकृत्या काढायचे काम वाचते, एकच आकृती दोन्ही कामे करते. मापाचा अंदाज खऱ्या आकारावरून घ्यावा. ट्रोफोझोइट साधारण 20 ते 30 मायक्रोमीटरचा असतो, सिस्ट 10 ते 15 मायक्रोमीटरची. म्हणून ट्रोफोझोइट चार सेंटिमीटरचा काढला तर सिस्ट दोन सेंटिमीटरची. त्याच प्रमाणात ट्रोफोझोइटचे केंद्रक सुमारे आठ मिलिमीटरचे येते, आणि गिळलेली तांबडी रक्तपेशी त्याहून मोठी, जवळजवळ बारा मिलिमीटरची. विद्यार्थी मात्र रक्तपेशी म्हणून बारीक टिंबे देतात. त्या गिळल्यावर पचत जातात, त्यामुळे लहानमोठ्या तीन-चार काढल्या तरी चालेल, पण टिंबे नकोत. या रक्तपेशींना नाव देणे विसरू नका. आतड्यातल्या निरुपद्रवी अमीबांपेक्षा हा वेगळा, हे सूक्ष्मदर्शकाखाली याच खुणेवरून ओळखता येते.

ट्रोफोझोइटला एकाच बाजूने बोटासारखा रुंद छद्मपाद काढा आणि तो स्वच्छ कोरा ठेवा, कारण बाहेरचा थर पारदर्शक असतो. आतला थर दाणेदार दाखवायला बारीक ठिपके द्या. केंद्रकात बरोबर मध्यभागी एक ठिपका, तो कॅरिओसोम, आणि कडेने आतून एकसारखे बारीक दाणे. मध्यापासून कडेपर्यंत पुसटशा आऱ्या काढल्या की पुस्तकात म्हणतात तशी चाकाची रचना दिसते. कॅरिओसोम मध्यावर नसून एका बाजूला गेला, तर ते चित्र एन्टामिबा कोलाय या दुसऱ्या अमीबाचे होते. सिस्टमध्ये आठ केंद्रके काढली तरी तेच होते, कारण कोलायची पक्व सिस्ट आठ केंद्रकांची असते. ‘आठ’ हा आकडा या चक्रात येतो जरूर, पण तो सिस्टच्या आत नाही. तो कुठे येतो ते पुढे पाहू.

कोवळ्या सिस्टमध्ये दोन गोष्टी दाखवायच्या. एक ग्लायकोजेनचा साठा, आणि दुसरे गोल टोकांचे क्रोमॅटॉइड दांडे. सिस्ट पक्व होताना हे दोन्ही वापरले जातात आणि दिसेनासे होतात. म्हणून ते एक-दोन केंद्रकांच्या सिस्टमध्ये ठळक दाखवावेत आणि बाराच्या जागी वगळावेत. पक्व सिस्टमध्येही जाडजूड दांडे काढलेले बऱ्याच पेपरांत दिसतात.

नावे देणाऱ्या रेघा पट्टीने, आडव्या, एकमेकींना न छेदणाऱ्या आणि शक्यतो उजवीकडे नेलेल्या असाव्यात. त्यांच्या टोकाला बाण काढू नये. या आकृतीत बाणाचा अर्थ ‘पुढचा टप्पा’ असा आहे, आणि नावाच्या रेघेलाही बाण दिला तर चक्राची दिशाच कळेनाशी होते. पेन्सिल वापरा, रंग नकोत. बाराच्या सिस्टखाली ‘संसर्गक्षम अवस्था’ हे दोन शब्द लिहायलाच हवेत. पुष्कळदा परीक्षक आकृतीत हे शब्द आधी शोधतो.

मग येते आकृतीतली ती जागा जिथे चांगले विद्यार्थीही घसरतात. सहाच्या ट्रोफोझोइटपासून वर्तुळाबाहेर दोन फाटे निघतात. एक पातळ शौचातून बाहेर जाणारा, दुसरा आतड्याच्या भिंतीत शिरणारा. भिंतीत शिरलेले अमीबा ऊतक विरघळवतात आणि तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद असा चंबूच्या आकाराचा व्रण करतात. तिथून काही पोर्टल शिरेच्या रक्तातून यकृतात पोचतात, बहुधा उजव्या भागात, आणि गळू तयार होते. क्वचित फुप्फुस किंवा मेंदूपर्यंतही जातात. अनेक आकृत्यांत यकृतापासून एक बाण काढून तो पुन्हा सिस्टला जोडलेला असतो. तो चुकीचा आहे. सिस्ट फक्त आतड्याच्या पोकळीत बनते. ऊतकात बनत नाही, आणि शौच बाहेर पडल्यावरही नवी सिस्ट बनत नाही. यकृताच्या गळूत ट्रोफोझोइट मिळाले तर मिळतात, तेही बहुधा गळूच्या भिंतीशी, सिस्ट कधीच मिळत नाही. परजीवीच्या दृष्टीने यकृत ही बंद गल्ली आहे. म्हणून दोन्ही फाट्यांच्या टोकाला बाण न देता आडवी रेघ मारा आणि शेजारी ‘चक्र पुढे जात नाही’ असे लिहा.

आकृती झाली की उरलेल्या बारा-तेरा मिनिटांत मजकूर. प्रस्तावना आधीच लिहिलेली आहे: परजीवी कोणता, कुठे राहतो, आश्रयी एकच, शोध कोणी कधी लावला. रूपांचे वर्णन तीन छोट्या परिच्छेदांत. तेही आकृतीत दाखवलेल्या खुणांच्या क्रमाने: आकार, छद्मपाद, केंद्रक, आत काय दिसते. प्रीसिस्टला दोन ओळी पुरतात: अन्न बाहेर टाकून गोल होतो, हालचाल मंदावते, त्यात रक्तपेशी नसतात. जुन्या प्राणिशास्त्राच्या पुस्तकांत ‘मॅग्ना’ आणि ‘मिन्युटा’ अशी रूपे दिलेली असतात. तुमच्या अभ्यासक्रमाचे पुस्तक ती वापरत असेल तर वापरा, पण मिन्युटाही लिहायचा आणि प्रीसिस्टही वेगळा लिहायचा, असे दोन पुस्तकांचे मिश्रण करू नका.

चक्राच्या वर्णनाला चार गुण आहेत, तर लेखन तिथे सावकाश व्हायला हवे. एक नमुना घेऊ. उत्तरपत्रिकेत नेहमी दिसणारे वाक्य असते: ‘सिस्ट पोटात जाऊन फुटते आणि त्यातून अमीबा बाहेर येतात.’ हे खोटे नाही. पण परीक्षकाच्या मनात चार प्रश्न असतात, आणि त्यांपैकी एकाचेही उत्तर यात नाही. कुठे फुटते? कशामुळे? बाहेर काय येते? त्याचे पुढे काय होते? तीच गोष्ट या चार प्रश्नांना धरून लिहिली की अशी होते:

‘चार केंद्रकांची पक्व सिस्ट दूषित अन्न किंवा पाण्यातून गिळली जाते. जठरातील आम्लाचा तिच्या कवचावर परिणाम होत नाही. लहान आतड्याच्या खालच्या भागात ट्रिप्सिनच्या क्रियेने कवच कमजोर होते आणि आतील अमीबा एका छिद्रातून बाहेर पडतो. या अमीबाला चार केंद्रके असतात. प्रत्येक केंद्रक एकदा विभागून आठ केंद्रके होतात, पेशीद्रव्य त्यांच्याभोवती विभागले जाते आणि आठ लहान अमीबा तयार होतात.’

पाच वाक्ये झाली, पण एकही भरतीचे नाही. आठ हा आकडा इथे आला आहे, कवचाबाहेर. एका सिस्टमधून एक अमीबा बाहेर येतो आणि त्याचे आठ होतात. ‘सिस्टमधून चार अमीबा निघतात’ हे वाक्य मुलांच्या तोंडी बसलेले असते, कारण चार केंद्रके डोळ्यांसमोर असतात. विभाजनाची एक पायरी त्यांतून गळालेली असते.

पुढचा टप्पाही असाच लिहावा. आठ लहान अमीबा अन्नासोबत सीकमकडे, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या भागाकडे वाहत जातात. तिथे श्लेष्मल थरातील खोलगट ग्रंथींत स्थिरावतात, वाढतात आणि द्विविभाजनाने संख्या वाढवतात. इथे एक वाक्य स्वतंत्रपणे लिहा: पुष्कळांच्या बाबतीत ते पोकळीतच राहतात, काहींच्या बाबतीत भिंतीत शिरतात. शिरल्यावर काय होते ते दोन ओळींत, आणि लगेच परत मुख्य वर्तुळावर या. व्रण आणि गळू यांचे वर्णन करण्यात रमले की बावीस मिनिटे कधी संपतात कळत नाही. ‘यकृतातील पू चॉकलेटी रंगाचा असतो’ हे छान आठवते म्हणून लिहिले जाते, पण त्याला इथे जागा नाही.

नंतर सिस्ट तयार होण्याचा टप्पा, ज्यात बहुतेक उत्तरे धापा टाकू लागतात. तोही नीट क्रमाने: ट्रोफोझोइट गोल होऊन प्रीसिस्ट होतो, स्वतःभोवती कवच स्रवतो, एका केंद्रकाचे दोन आणि दोनांचे चार होतात, ग्लायकोजेन व क्रोमॅटॉइड दांडे नाहीसे होतात. शौचात एक, दोन आणि चार केंद्रकांच्या सिस्ट एकत्र मिळतात, मात्र संसर्गक्षम फक्त पक्व, चार केंद्रकांची. त्यानंतर वर सांगितलेले वाहकाचे वाक्य, आणि पातळ शौचातले ट्रोफोझोइट का मरतात ते. इथे वर्तुळ बंद होते. शेवटच्या वाक्यात सिस्ट पुन्हा दुसऱ्या माणसाच्या अन्नपाण्यात पोचली पाहिजे. ती शौचातच सोडून दिली तर लिहिलेले चक्र अर्धे राहते, आकृतीत मात्र ते पूर्ण असते, आणि परीक्षकाला दोन्हींत विसंगती दिसते.

लिहून झाल्यावर दोन मिनिटे उरली तर मजकुरातले टप्पे आकृतीशी ताडून पाहा. आकृतीत जे नाव आहे ते मजकुरात किमान एकदा यायला हवे, आणि मजकुरातला प्रत्येक टप्पा आकृतीत असायला हवा. सर्वांत जास्त सुटते ते ‘लहान आतडे’ हे नाव. सिस्ट थेट मोठ्या आतड्यात फुटताना दाखवलेली असते.

हाच प्रश्न कधी पाच गुणांना येतो. तेव्हा रूपांचे वर्णन गाळा, त्याचे काम आकृतीतली नावे करतात. प्रस्तावना एका वाक्याची करा. वर्तुळ तसेच राहू द्या, दोन्ही बंद फाट्यांसह, आणि मजकूर फक्त चक्राच्या चार टप्प्यांचा ठेवा: गिळणे, कवच फुटणे, आतड्यात वाढणे, पुन्हा सिस्ट होणे. अकरा मिनिटांत हे बसते.